नव्वद दिवसांत तर सोयाबीन निघते भौ

"कामाच्या ठिकाणचा माणूस त्रास देत असेल तर आधी ऑफिसच्या अंतर्गत समितीकडेच जावं लागते. समितीचा रिपोर्ट आल्याशिवाय पोलीस गुन्हा दाखल करू शकत नाही. डायरेक्ट ठाण्यात गेलं अन् सिद्ध नाही झालं तर मुलीवरच खोट्या तक्रारीची केस होते. सर्व भगिनींपर्यंत पोचवा."

हा मेसेज आमच्या मावशीच्या पोरीला तिच्याच मॅनेजरनं पाठवला, म्हणून लिहून रायलो. पोरगी तालुक्याला एका खाजगी ऑफिसात आहे, गावावरून एसटीनं अपडाऊन करते. सोबतचा एक जण आधी रोज फोन करे, मग गाडी घेऊन स्टँडपर्यंत मागं येऊ लागला, नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. शेवटी एका रात्री, "दुसरीकडं लग्न जमवलं तर चेहरा दाखवायच्या लायकीची ठेवणार नाही." अन् मॅनेजर म्हणते समितीचा रिपोर्ट येऊ दे.

आता हे रिपोर्टचंच पाहू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. समितीचा कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, 2013 चा. चौकशीला 90 दिवस, मग रिपोर्टला 10, अन् त्यावर मालकानं कारवाई करायला आणखी 60. नव्वद दिवसांत आमच्याकडं सोयाबीन पेरून काढणीला येते, आणि तोवर ही पोरगी रोज त्याच स्टँडवर उभी राहणार? समितीजवळ अटक करायची पॉवर नाही. चौकशी चालू असताना फार तर बदली करा, रजा द्या, दोघांना वेगळं बसवा एवढं ती सुचवू शकते, स्टँडवर तो काय करते ते तिच्या हातात नाही. अन् स्टँडवरच्या दुकानाचा सीसीटीव्ही काही दिवसांत आपोआप पुसला जाते, तो पोलिसांनी वेळेत घेतला तरच हाती लागते.

बरं, आधी समिती असं कुठं लिहिलंय? त्याच कायद्याचं कलम 28 वाचा, हा कायदा बाकीच्या कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. कलम 19 तर म्हणते की बाईला पोलिसात तक्रार द्यायची असेल तर मालकानं तिला मदत करायची. म्हणजे मॅनेजरसाहेब ज्या कायद्याचं नाव घेऊन थांबवून रायले, तोच कायदा त्यांना ठाण्यापर्यंत सोबत जायला सांगून रायला.

ठाण्यात सगळं सरळ झालं असंही नाही. पहिल्या दिवशी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून हातात दिली. खरं सांगतो, अर्धी चूक आमची होती. अर्जात आम्ही फक्त त्या धमकीचं लिहिलं होतं, अन् नुसत्या धमकीवर बहुतेक वेळा एनसीच होते, तिच्यावर कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाही. पाठलाग मात्र दखलपात्र आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत ते कलम 78, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्यात दोन गोष्टी दिसाव्या लागतात, बाईनं नाही म्हटलं होतं, आणि तरीही तो मागं येऊन वारंवार संपर्क करत राहिला किंवा तसा प्रयत्न करत राहिला. मग रात्री बसून नवा अर्ज लिहिला. "माझ्याशी बोलायचं नाही" हा तिनं पाठवलेला मेसेज कोणत्या तारखेचा, त्यानंतर कोणकोणत्या दिवशी किती वाजता फोन, कोणत्या नंबरवरून, कोणत्या एसटीच्या वेळी स्टँडवर, तिथं कोणी पाहिलं. धमकी सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी एफआयआर झाला, जबाब महिला पोलिसानं घेतला, कॉपी फुकट मिळाली. फोनमधलं काही डिलीट करू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागेलच असं नाही, मूळ फोन लागू शकते.

ठाण्यातून हाकलूनच दिलं तर? तोच अर्ज पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे ते. हद्द आमची नाही हेही ऐकून घेऊ नका, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर म्हणून नोंद होते. तो समोर उभाच असेल तर अर्ज गेला खड्ड्यात, 112 लावा.

खोट्या तक्रारीचं म्हणाल तर समितीच्या कायद्यातही स्पष्ट लिहिलंय की नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही, मुद्दाम खोटं केलं हे चौकशीत सिद्ध व्हावं लागते. पुढं.

समिती बिनकामाची आहे असं मात्र मी म्हणत नाही. त्याची बदली पोलीस करून देत नाही, ती समितीच्या शिफारशीवरून होऊ शकते, अन् तिथं तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची आहे, योग्य कारण असलं तर आणखी तीन. म्हणून आम्ही एफआयआरची कॉपी जोडून समितीलाही त्याच आठवड्यात अर्ज दिला. मॅनेजरनं तो घेतला, पोच द्यायला मात्र दोन चकरा मारायला लावल्या.