दुसऱ्या दिवशी आकडे घेतले तर काय बिघडतं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

पोस्ट किती लोकांनी वाचली याचा आकडा ती टाकल्यापासून १४ व्या दिवशी घ्या, असं मी म्हटलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"सर, १४ दिवस थांबा म्हणता ते काही पटलं नाही. माझ्या पोस्टला जे यायचं ते दोन दिवसात येऊन जातं, नंतर दहा-वीस लोक. दुसऱ्या दिवशीच आकडे घेतले तर काय बिघडतं? उगीच वेळ घालवणं आहे हे."

दादा, तुम्ही जास्त करून बाजारभाव टाकता ना, त्या पोस्टपुरतं तुमचं बरोबरच आहे. आज सोयाबीन काय भावानं गेलं हे परवा कुणी कशाला बघेल. बाजारभावाच्या माझ्या एका पोस्टला पहिल्या दिवशी २४०० लोक आले, दुसऱ्या दिवशी ४७०, मग ११०, मग २०, आणि नंतर जवळजवळ बंदच. म्हणजे ३००० पैकी २८७० दोन दिवसातच आले.

पण त्याच आठवड्यात मी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर पोस्ट टाकली होती. दोन्ही पोस्ट रात्री ८ लाच टाकल्या आणि रोज रात्री ८ लाच आकडा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहीत गेलो. हिचे रोजचे नवे लोक असे: ९००, ७१०, ५८०, ४५०, ३७०, २९०, २४०. दुसऱ्या दिवशी बघितलं असतं तर १६१० विरुद्ध २८७०, बीजप्रक्रियेची पोस्ट सपशेल पडली असं म्हणून मी तसं लिहिणंच सोडून दिलं असतं. सातव्या दिवशी तीच ३५४० वर होती, भावाच्या पोस्टच्या पुढं. बिघडतं ते हेच बघा: लवकर मोजलं की पटकन संपणारी पोस्ट दरवेळी जिंकते आणि हळूहळू वाचली जाणारी दरवेळी हरते.

आता १४ च का, तर आजच्या आकड्याला कालच्या आकड्यानं भागायचं. बीजप्रक्रियेच्या पोस्टला हे उत्तर रोज ०.८ च्या आसपास येत होतं, म्हणजे रोज पाचवा हिस्सा गळत होता. गळती अशी एकसारखी असली की मागं किती उरलंय ते काढता येतं, शेवटच्या दिवसाचे २४० घ्या, ०.८ ने गुणा आणि ०.२ ने भागा, ९६० येतात. म्हणजे एकूण ४५०० च्या घरात जाणार आणि सातव्या दिवशी पाचवा हिस्सा अजून यायचाच होता. तेच गणित पुढं नेलं तर चौदाव्या दिवशी २०० च्या आसपास उरतात, शंभरात पाचपेक्षा कमी. एवढं उरलं तर मी चालवून घेतो, म्हणून १४. भावाच्या पोस्टला हीच अट दुसऱ्याच दिवशी पुरी होते, पण दोघींची तुलना करायची असेल तर जी सगळ्यात हळू चालते तिच्या हिशोबानं थांबावं लागतं. शर्यतीत एकीला दोन दिवस आणि दुसरीला चौदा, असं चालत नाही.

या गणितावर डोळे झाकून विसंबू नका मात्र. गळती कायम तेवढीच राहत नाही, पुढं पुढं ती मंदावते, शेपूट लांबतं. माझी पोस्ट १४ व्या दिवशी ४३५० वर होती आणि ३० व्या दिवशी ४७२० वर गेली, अंदाज ४५०० चा होता. म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या भागाकारावरून काहीच ठरवू नका, पाच-सात दिवसांचे आकडे हातात येऊ द्या आणि तेही एका पोस्टचे नको, आठ-दहा पोस्टचे. आणि मधेच भागाकार १ च्या वर गेला, म्हणजे आजचे लोक कालच्यापेक्षा जास्त, तर समजायचं की कुणीतरी व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपवर टाकलंय. तिथून गळती नव्यानं सुरू होते, आधीचा भागाकार मग कामाचा नाही. तरी माझं मोजणं १४ व्याच दिवशी होतं, फक्त शेजारी "ग्रुपवर गेली" असं लिहून ठेवतो. एकीसाठी दिवस वाढवले की मग प्रत्येक आवडत्या पोस्टसाठी वाढवावेसे वाटतात.

एक चूक मी स्वतः लई दिवस केली ती सांगतो. महिनाअखेरीला बसून सगळ्यांचे आकडे एकदम काढायचो, त्यात ३ तारखेच्या पोस्टला २७ दिवस मिळायचे आणि २८ च्या पोस्टला दोन, आणि मी म्हणायचो महिन्याच्या शेवटी लोक वाचतच नाहीत. आता प्रत्येक पोस्टचा आकडा तिच्या तिच्या चौदाव्या दिवशी रात्री ८ ला घेतो. ३० जूनच्या पोस्टचा नंबर १४ जुलैला लागतो, म्हणून जूनचा हिशोब मी १४ जुलैच्या रात्रीच जुळवतो, त्याआधी नाही.

तुम्ही फक्त भावच टाकत असाल तर ३ दिवस ठेवा, काही अडचण नाही. पण परवा तुम्ही गोगलगायीवर लिहिलं होतं ना, ते मला आवडलं होतं, त्याचे रोजचे आकडे सात दिवस लिहून बघा आणि भागाकार किती येतो ते इथंच कळवा.