एकच भोरडी, साडेतीनशे वेळा

ज्वारीच्या बियाण्याच्या जाहिरातीसाठी संध्याकाळचं आभाळ आणि त्यात भोरड्यांचा थवा हवा होता. ज्वारी फस्त करणारे पक्षीच कशाला, हे मी विचारलं नाही. ॲडव्हान्स आला होता.

मी एक भोरडी जीव ओतून काढली. पंख वर, मान तिरकी, चोच उघडी. मग तिच्या साडेतीनशे कॉप्या आभाळात सोडल्या आणि प्ले दाबलं. सगळ्यांचे पंख एकदम वर, एकदम खाली. शाळेतली कवायतच! प्रत्येकीची फडफड वेगळ्या फ्रेमपासून सुरू केली, तेव्हा कवायत मोडली.

अप्पा चहा घेऊन मागे उभे होते. यांची निम्मी हयात माळ्यावर गोफण फिरवण्यात गेलेली. "ती तोंड वासलेली एकच दिसतीय रं सगळीकडं."

खरंच होतं. कॉपी पकडली जाते ती अशा नखरेल पक्ष्यामुळे. डोळा नखरा लक्षात ठेवतो, साधेपणा विसरतो. म्हणून बारा अगदी मुखदुर्बळ पोझेस काढल्या आणि लाडकीला एकदाच, कोपऱ्यात जागा दिली. काळजावर दगड ठेवून.

आता जागा. कॉम्प्युटरला 'कुठेही टाक' म्हटलं, तर त्याने इथे चार एकमेकींच्या डोक्यावर बसवल्या, तिथे टक्कल पाडलं. दोघींत किमान अंतर सक्तीचं केलं, तर ठिपक्यांची रांगोळी झाली. तोंडं वाट्टेल तिकडे वळवली, तर गटारावरचे डास.

शेवटी कॉम्प्युटरवर थवे उडवणाऱ्या क्रेग रेनॉल्ड्सला शरण गेलो. त्याने 1987 सालीच सांगून ठेवलंय: शेजारणीला धडकू नकोस, ती जाईल त्याच दिशेने जा, घोळका सोडू नकोस. पण शेजारीण म्हणजे कोण? मी 'दोन मीटरच्या आतली ती' ठरवलं आणि पहिल्याच वळणावर थव्याचे तीन तुकडे झाले. जरा लांब पडलेलीला शेजारच उरेना. रोमच्या आभाळातल्या मैनांचा अभ्यास 2008 साली छापून आला, त्यात याचं उत्तर होतं. प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात जणींवर नजर ठेवतो, मग त्या किती का लांब असेनात. मी सात केलं. थवा ताणला, आवळला, पण फाटला नाही. कुठे दाट, कुठे विरळ आपोआप झालं. त्या मैनांचा थवा मधल्यापेक्षा कडेला दाट असतो म्हणे. मी नेमकं उलट, मधोमध कोंबत होतो.

वळताना पक्षी कलतो, हे मात्र मी विसरलोच होतो. बाजूने तो रेघेएवढा दिसतो, कलला की पंखांची अख्खी रुंदी दिसते. कलवल्याबरोबर थवा वळणावर एकदम काळाभोर झाला आणि पुन्हा विरला.

अप्पांनी कप खाली ठेवला. त्यांचा उजवा हात खांद्यावरून मागे गेला होता.

"जोंधळ्याचं काय खरं न्हाई आता," ते म्हणाले.