मनातल्या मनात वाचू द्यावं की मोठ्याने? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : मॅडम, मागचा लेख वाचला, पण पटला नाही. आपण मोठी माणसं मनातच वाचतो ना, मग सात वर्षांच्या पोराला रोज मोठ्याने वाचायला लावायचा अट्टाहास कशाला? माझा मुलगा दुसरीत आहे. मोठ्याने वाचायला बसवलं की अडखळतो, रडायला येतो. वर्गात उभं केलं की पोरं हसतात. तेच पुस्तक घेऊन एकटा बसला की अर्धा तास शांत वाचतो. आणि तुम्ही म्हणता तसं तेच तेच वाचून पाठांतर होईल, वाचन कसं होईल?
– दुसरीतल्या मुलाची आई

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी वर्गातलं बोलू. एकेकाला उभं करून पाळीपाळीने वाचायला लावायचं आणि बाकीच्यांनी ऐकत बसायचं, ही पद्धत अडखळणाऱ्या मुलासाठी वाईटच. एक तर वाट्याला येतात दोन ओळी, त्यात काय सराव होणार, आणि आपला नंबर कधी येतो या धास्तीत बाकीच्या ओळी तो ऐकतसुद्धा नाही. तुमच्या बाईंना स्पष्ट सांगा की याला न सांगता उभं करू नका. वाचायचंच असेल तर उद्या कुठला परिच्छेद येणार ते आदल्या दिवशी कळवा, घरी तयारी करून पाठवते. बहुतेक बाई ऐकतात. मी म्हणते ते मोठ्याने वाचन म्हणजे घरातल्या घरात, ऐकायला एकच माणूस, आणि तो माणूस हसत नाही की रागवत नाही.

आता त्या शांत अर्ध्या तासाचं. तो पुस्तकाशी बसतोय ही गोष्ट चांगलीच आहे, ती बंद करू नका. पण त्या अर्ध्या तासात तो नेमकं काय वाचतोय हे तुम्हाला कसं कळतं? मी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचं सांगते, तोही दुसरीतलाच. त्याला मी हा उतारा दिला होता :

संध्याकाळी आजीने अंगणात तुळशीजवळ पणती लावली. वाऱ्याने ती विझली. आजीने पुन्हा पणती लावली आणि ज्योतीभोवती हात धरला. मनी मांजर कट्ट्यावरून बघत होतं.

आधी मनात वाच म्हटलं. वाचलं. चित्र होतंच बाजूला, त्यामुळे काय झालं विचारल्यावर "आजीने दिवा लावला आणि मांजर आलं" असं सांगून मोकळा. कुणालाही वाटेल की छान, समजलं. मग तोच उतारा मोठ्याने वाचायला सांगितला तर "वाऱ्याने"ला अडला आणि "वा... याने" म्हणून पुढे सरकला, "विझली"चं "विकली" केलं, "ज्योतीभोवती" मी सांगेपर्यंत आलंच नाही आणि "हात धरला" झालं "हात घरला". गंमत म्हणजे वाऱ्याने पणती विकली हे वाचून त्याला काहीच खटकलं नाही, कारण सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यातच संपलं होतं, अर्थाकडे बघायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

बावीस शब्दांत चार चुका. साधारण धरतात ते असं की वीस शब्दांमागे एखादी चूक असेल तर तो मजकूर शिकवत शिकवत वाचायला बरा, आणि दहामागे एकाहून जास्त व्हायला लागल्या तर एकट्याने वाचायला तो फार जड. म्हणजे हा उतारा त्याला मनात वाचायला देण्यात अर्थच नव्हता. मनात वाचताना मूल अवघड शब्दावरून उडी मारून जातं आणि "विकली" हे "विकली" म्हणूनच दरवेळी पक्कं होत जातं, दुरुस्त करायला कुणी नसतं ना. अमेरिकेत 2000 साली नॅशनल रीडिंग पॅनलने वाचनावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, त्यात मोठ्या माणसाने ऐकत, मदत करत घेतलेल्या मोठ्याने वाचनाचा फायदा स्पष्ट दिसला. मुलांना नुसतं मनात वाचायला बसवल्याने वाचन सुधारतं असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. मनात वाचणं वाईट असं त्यांनी म्हटलेलं नाही हं, लोक तसं सांगत सुटतात म्हणून मुद्दाम लिहिते.

त्या चार चुका सारख्या नाहीत, आणि हे फक्त ऐकल्यावरच कळतं. ध आणि घ ही दिसण्याची गल्लत आहे. त्याला दोन्ही अक्षरं शेजारी काढून दाखवायची, घ वर रेघ पूर्ण असते आणि ध ला डावीकडे डोक्यावर मोकळं असतं, भ आणि म चंही तसंच. "विकली" ही अंदाजाची चूक, सुरुवातीचा वि आणि शेवटचा ली बघितला आणि मधलं अक्षर स्वतःच भरलं. इथे शब्द सांगायचा नाही, मधल्या अक्षराखाली बोट ठेवायचं आणि थांबायचं. "वाऱ्याने" आणि "ज्योती" ही जोडाक्षरं. त्यात हा ऱ्या तर एकदम वेगळाच दिसतो, पोरांना त्यात र आहे हेच कळत नाही. तो सरळ सांगून टाकायचा आणि वाऱ्या, साऱ्या, पायऱ्या असे चारपाच शब्द कागदावर लिहून वाचून घ्यायचे.

अजून एक गोष्ट ऐका, तो वाचताना पुटपुटतो का "व ला पहिली वेलांटी वि"? बऱ्याच मुलांना पहिलीत बाराखडी अशी घोकून घेतलेली असते आणि ती सवय शब्द वाचतानाही सुटत नाही. मग "तुळशीजवळ"च्या शेवटापर्यंत येता येता सुरुवातीचा तु विसरलेला असतो. अशा मुलाला वेलांटी, उकार हे बोलायचं बंद करायला सांगा, सरळ वि म्हण, आणि लांब शब्द झाकून तुकड्याने दाखवा, आधी तुळशी, मग जवळ, मग दोन्ही एकदम. आपल्या मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात त्यामुळे हे तुकडे पाडणं फार कामाला येतं, "कट्ट्यावरून" मध्ये "वरून" त्याला ओळखीचं आहेच.

आता पाठांतराचा तुमचा मुद्दा. तो खरा आहे आणि तो टाळता येतो. मी करते ते असं : उतारा छोटा, चाळीस-पन्नास शब्दांचा. पहिल्यांदा मी वाचते, बोट शब्दांखालून फिरवत, नेहमीच्या बोलण्याच्या लयीत. (उतारा थोडा जड असला तरी इथे चालतो, कारण तो एकटा नाहीये.) मग दोघं एकत्र, माझा आवाज हळूहळू खाली. मग तो एकटा. अडला की मनात तीन आकडे मोजायचे, तेवढ्या वेळात बऱ्याचदा त्याचं त्यालाच सुटतं, आया मात्र पहिल्याच सेकंदाला शब्द सांगून टाकतात. नाही सुटला तर मदत करायची आणि मग ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचून घ्यायचं. हे "पुन्हा"च महत्त्वाचं आहे, नाहीतर दुरुस्त केलेला शब्द वाक्यात बसतच नाही. असं तीनचार वेळा, बास. त्याच्या पुढे फारसा फायदा मिळत नाही आणि पोरगं कंटाळतं. सगळं धरून पंधरा मिनिटं.

पाठ झालंय का हे बघायला दोन गोष्टी करा. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून हा काय ते विचारा, पाठ असेल तर तो सुरुवातीपासून म्हणत म्हणत तिथवर येईल. आणि तेच शब्द फिरवून नवीन वाक्य लिहा, "मांजर तुळशीजवळ बसलं. वाऱ्याने पणती विझली म्हणून ते पळालं." हे सुरळीत वाचलं तर शब्द त्याचे झाले. नाही वाचलं तर तुमची शंका बरोबर, मग दुसऱ्या दिवशी तोच उतारा उलट्या क्रमाने, शेवटच्या वाक्याकडून घ्या.

रडण्याबद्दल. रडू येतं तेव्हा बहुतेक वेळा मजकूर जड असतो किंवा वेळ चुकीची असते, शाळेतून दमून आल्यावर लगेच, नाहीतर भावंडं समोर. पहिलीचं बालभारती काढा, लाज वाटत असेल तर कव्हर घाला. नाहीतर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, लेव्हल एकच्या घ्या, पानावर एकदोनच वाक्यं असतात. आणि प्लीज मोबाईलवर टायमर लावून बसू नका. इंग्रजीचे मिनिटाला अमुक शब्द असे जे तक्ते नेटवर फिरतात ते मराठीला लागूच होत नाहीत, "अंगणातल्या झाडाखाली" हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्याचे पाचसहा होतील. आपल्याकडे निपुण भारत या सरकारी मोहिमेत दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द असं धरलंय, पण तेही समजून वाचलेले. घाईने वाचायला लावलं की मुलं पूर्णविराम खातात आणि "विकली"सारखे अंदाज वाढतात. महिन्यातून एकदा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दोन रेकॉर्डिंग एकामागोमाग ऐकली की फरक कळतो, त्यालाही कळतो.

मनात वाचन कधी? जो उतारा मोठ्याने जवळपास बिनचूक झाला, त्याच लेव्हलचं नवीन पुस्तक एकट्याला द्या. ओठ हलतील, पुटपुटेल, हलू देत. सात वर्षाच्या मुलाचं ते नॉर्मल आहे, ओठ मिटून वाच असं म्हणू नका. वाचून झाल्यावर गोष्ट सांग म्हणण्यापेक्षा, "पणती का विझली ते कुठे लिहिलंय, ते वाक्य दाखव" असं विचारा. चित्र बघून गोष्ट सांगता येते, वाक्य नाही दाखवता येत. तुमच्या त्या अर्ध्या तासाला आजच हे करून बघा. पानं एकसारख्या वेगाने उलटतायत आणि वाक्य मात्र सापडत नाहीये, असं असेल तर तो चित्रं बघतोय. बघू दे, पण त्याला वाचनाचा सराव म्हणून मोजू नका.

चष्म्याचा नंबर तपासलाय का? ओळी चुकत असतील, पुस्तक अगदी नाकाला लावत असेल तर आधी ते करा. आणि रोज नीट सराव होऊनही तीनचार महिन्यांत काहीच हललं नाही, कालचा शब्द आज पूर्ण नवीन, घरात आणखी कुणाला लहानपणी वाचायचा असाच त्रास होता, तर मात्र अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, "मुलगा आहे, उशिरा येईल" म्हणत थांबू नका.

एक करा, या आठवड्यात त्याच्याकडून चाळीसएक शब्दांचा उतारा वाचून घ्या आणि तो काय म्हणाला ते जसंच्या तसं त्या त्या शब्दावर पेन्सिलने लिहा, दुरुस्त न करता. ती यादी इथे खाली टाका, म्हणजे दिसण्याची गल्लत जास्त आहे, अंदाज जास्त आहेत की जोडाक्षरं, ते बघून कुठून सुरुवात करायची ते सांगते.