हमीचा मजकूर मामीला कळेल असा का लिहीत नाही?

आज दुपारी मामीने फोन करून एक पानभर मजकूर वाचून दाखवला आणि विचारले, "अरे, यात मला पैसे मिळणार आहेत की नाहीत, एवढेच सांग." तिने ऑनलाइन मागवलेल्या १,४९९ रुपयांच्या इअरबड्सपैकी डावा बड बंद पडला होता. मजकुरात 'सात दिवसांत बदली' असे ठळक होते, पण ते सात दिवस माल विक्रेत्याकडून निघाल्यापासून मोजायचे, हे खाली बारीक अक्षरांत होते. पार्सल तिच्या गावी पोचायलाच पाच दिवस लागले. म्हणजे मामीच्या वाट्याला दोन दिवस आले, आणि वर खोके उघडतानाचे चित्रीकरण हवे म्हणे! सत्तरीतल्या बाईने एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कात्री धरून खोके उघडायचे, अशी ही अपेक्षा आहे.

मी स्वतः चार वर्षे चार्जर, पॉवर बँक आणि इअरबड्स ऑनलाइन विकतो, त्यामुळे संतापाने लिहितो आहे. आपण मालाचे दहा फोटो टाकतो, बॅटरी किती तास चालते ते मोठ्या अक्षरांत सांगतो, आणि ज्या एका प्रश्नापाशी गिऱ्हाईक थबकते, 'बिघडले तर काय?', त्याचे उत्तर मात्र वकिली भाषेत पानाच्या तळाशी पुरतो. ते उत्तर किमतीच्या शेजारी, तीन-चार वाक्यांत असले पाहिजे. दिवस कधीपासून मोजायचे, नग न्यायला कोण येणार, कुरिअरचे पैसे कोण भरणार, आणि नवा नग मिळणार की दुरुस्ती, एवढेच तर मामीला हवे होते. बाजारात 'गॅरंटी' म्हणजे बदलून मिळणार आणि 'वॉरंटी' म्हणजे दुरुस्त होणार, अशी लोकांची समजूत आहे. दोन्ही शब्द एकाच ओळीत टाकून विक्रेता मोकळा होतो आणि भांडण नंतर होते.

फसवणारे गिऱ्हाईकही असते, हे मान्य. नव्या खोक्यात जुना नग घालून परत पाठवणारे मी पाहिले आहेत. पण त्यावर बिलावर नगाचा अनुक्रमांक छापणे हा उपाय आहे, मामीकडून चित्रपट काढून घेणे हा नव्हे.

खर्चाची भीती तर मला समजतच नाही. समजा, १०० नग विकले, ५ बिघडून परत आले आणि परतीचे कुरिअर प्रत्येकी ८० रुपये पडले, तर एकूण ४०० रुपये, म्हणजे विकलेल्या नगामागे ४ रुपये झाले. नगाची किंमत वेगळी, पण सदोष नग पुरवठादाराकडून बदलून घेता येतो. तेवढे त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे लागते. शिवाय सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे. जे कायद्याने करावेच लागते, ते कुरकुरत का सांगायचे?

एवढे टाइप केल्यावर मी माझ्याच दुकानाचे पान उघडले. 'सात दिवस, माल रवाना झाल्यापासून.' चार वर्षांपूर्वी कुठून तरी उचलून चिकटवलेले ते वाक्य तसेच होते. मामीला ज्याने छळले, त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

मग बसून नवे लिहिले, ते असे: "नग तुमच्या हाती पडल्यापासून १० दिवसांत बिघडला, तर नवा देऊ. न्यायला माणूस आम्ही पाठवू, त्याचा खर्च आमचा. त्यानंतर एक वर्षापर्यंत दुरुस्ती फुकट. पाण्यात पडलेला किंवा आपटून फुटलेला नग यात बसत नाही. इअरबड्स कानात घालायची वस्तू असल्याने, सील उघडल्यावर केवळ आवडले नाहीत म्हणून परत घेता येणार नाहीत. नवा नग शिल्लक नसेल, तर बिघडलेला नग आमच्याकडे पोचल्यापासून पाच दिवसांत पूर्ण पैसे परत. घरपोच रोख दिले असतील, तर तुम्ही सांगाल त्या खात्यात."

नकाराची दोन वाक्ये मुद्दाम ठेवली आहेत, कारण 'नाही' कुठे आहे ते आधी दिसले, तरच माणूस 'हो'वर विश्वास ठेवतो. बदलून दिलेल्या नगाचे वर्ष पहिल्या खरेदीपासून मोजायचे की नव्याने, हे माझ्याकडून राहिलेच होते. पहिल्या खरेदीपासूनच मोजणार आहे, आणि तसे लिहिले आहे. याबद्दल कोणी नावे ठेवली तर ठेवोत.

संध्याकाळी हे मामीला फोनवर वाचून दाखवले. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि बिल हरवले तर?"

आता तेही लिहिले आहे: "बिल हरवले तरी चालेल, ज्या मोबाइल नंबरवरून मागवले तो सांगा."