अभिनंदन! आणि हो...

आमच्या आयटीवाल्यांत पदोन्नतीचा हंगाम असतो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, एप्रिल-मे अप्रेझलच्या बैठकांत जातात आणि बऱ्याच ठिकाणी पत्रं हातात पडेपर्यंत जून उजाडतो. मग लिंक्डइन उघडावं तर जो तो ‘थ्रिल्ड टु अनाउन्स’. परवा कँटीनमध्ये ‘या कंपनीत काही राम नाही’ म्हणत पोहे चिवडणारा माणूससुद्धा थ्रिल्ड. नोकरी बदलायच्या विचारात असलेल्यांसाठी हे दिवस पेरणीचे. ज्याची बढती झाली त्याला आज अभिनंदन करायचं आणि थोड्या दिवसांनी हळूच विचारायचं, ‘तुमच्याकडे काही ओपनिंग?’

गेल्या पावसाळ्यात मी त्या विचारात होतो. मी टेस्टिंगमधला. आमचा प्रोजेक्ट आटोपत आला होता, क्लायंटचे मेल अचानक फार गोड यायला लागले होते, आणि प्रोजेक्ट नसलेल्याला बसवतात तो बेंच म्हणजे नुसतं लाकडी बाकडं नसतं हे मला ठाऊक होतं. अशात नोटिफिकेशन आलं: आमचा जुना डीबीवाला मॅनेजर झाला. डीबीवाला म्हणजे डेटाबेस सांभाळणारा. एका टीममध्ये आम्ही शेजारी बसायचो. आता तो हिंजवडीतल्या दुसऱ्या एका कंपनीत होता, आणि ती कंपनी माझ्या यादीत बरीच वर होती.

नोटिफिकेशनखाली अभिनंदनाचं तयार वाक्य असतं. बोट टेकवलं की गेलं. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग. शंभर जणांनी तेच बटण दाबलेलं असतं आणि त्याला शंभर वेळा तेच वाक्य दिसतं. त्यात माझं नाव म्हणजे गणपतीच्या वर्गणीच्या पावतीबुकातलं एक पान. पोस्टखाली कमेंट करावी तर ती सगळ्यांना दिसते, आणि त्या सगळ्यांत माझा सध्याचा मॅनेजरही आहे. मी कोणाकोणाचं अभिनंदन करतोय हे त्याने बघितलं, तर पुढचं गणित तो माझ्याआधी मांडेल.

शिवाय आधी खात्री करावी लागते की बढती खरंच झालीय. लिंक्डइनवर नोकरीची वर्षपूर्तीसुद्धा तशाच थाटात येते. एखाद्याने नुसतं पदनाम नीट करून लिहिलं आणि नेटवर्कला कळवायची खूण चालू राहिली, तरी वाजंत्री वाजतात. आणि कधीकधी ‘स्वतंत्र सल्लागार’ ही नवी भूमिका म्हणजे त्या माणसाची नोकरी गेलेली असते. अशाला आपण ‘वा, जोरदार!’ लिहिलं, की तो आयुष्यभर लक्षात ठेवतो, पण आपल्याला हवं तसं नाही. म्हणून मी आमच्या एका सामायिक मित्राला फोन करून पक्कं केलं. बढती खरी होती. कंपनी तीच, पद वरचं, आणि त्याची आधीची टीमही त्याच्याकडेच.

मग व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. थेट माणसाला लिहिण्याचा फायदा हा की गर्दी नसते. तोटा हा की जुनं बोलणं तिथेच वर दिसत राहतं. त्याचा शेवटचा मेसेज होता: ‘अरे, माझा चार्जर तुझ्याकडे राहिलाय का?’ त्याच्या फोनवर त्यावर निळ्या दोन रेघा दिसत असणार. त्याखाली काही नाही. आता त्याच्या बरोब्बर खाली मी ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिणार होतो. चार्जर टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये होता, चांगला चालत होता.

त्यात संबोधनाचा घोळ. टीममध्ये तो माझ्यापेक्षा ज्युनियर, म्हणून ‘अरे-तुरे’. पण उद्या त्याच्या हाताखालच्या जागेबद्दल विचारायचं असेल तर ‘तू’ चालेल का? ‘आपण’ लिहिलं तर त्याला वाटणार, याचं काहीतरी काम आहे. मी ‘तू’वर कायम राहिलो, फक्त मागचं ‘च्यायला’ काढलं.

बायको बँकेत आहे. त्यांच्याकडे बढतीचं सर्क्युलर निघतं, मग दुसऱ्या दिवशी टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. ती माझा मसुदा वाचून म्हणाली, “हे काय, शोकसंदेश आहे का? पेढे कधी ते विचार.” मला हे पटायला वेळ लागला, पण त्यात खरी मेख होती. नुसत्या अभिनंदनाला ‘थँक्यू’ म्हटलं की विषय संपतो. पेढे मागितले की पुढचं पाऊल त्याचं. आणि बढतीवाल्याकडे पेढे मागण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट मागितले नाहीत तर वाटतं.

शेवटी गेलेला मेसेज असा: ‘अरे, मॅनेजर झालास, मस्त! त्या मायग्रेशनच्या रात्री तू सगळ्यांना घरी पाठवून एकटा रोलबॅक करत बसलास, तेव्हाच मी म्हटलं होतं हा माणसं सांभाळणार. चार्जर माझ्याकडेच आहे, पेढे आणलेस तर परत मिळेल.’ यात ओपनिंगचा ‘ओ’ नाही. बायोडेटा नाही. ‘सध्या मी नव्या संधींच्या शोधात’ नाही. मायग्रेशनची रात्र मात्र आहे, कारण ती आमच्या जुन्या टीमलाच ठाऊक आणि ती बटणातून पाठवता येत नाही.

त्याच मेसेजमध्ये शेवटी ‘बाय द वे’ जोडायचा मोह फार होतो. मला स्वतःला असे मेसेज येतात. ‘अभिनंदन सर’ हे दोन शब्द वाचतानाच नजर खाली घसरते आणि शोधते, की मागणी कुठे आहे. सापडली की अभिनंदन मागच्या बाजूने रद्द होतं. नाही सापडली, तर माणूस दिवसभर बरा वाटतो. तर मधे अंतर हवं. किती, याचं माझं उत्तर: नव्या मॅनेजरला स्वतःच्या टीमचा हिशेब कळेपर्यंत. पहिल्या आठवड्यात त्याला हेडकाउंट किती मंजूर आहे हेही धड माहीत नसतं. कोणती जागा नवीन, कोणती रिकामी झालेली, कोणती फायनान्सने अडवलीय, हे कळायला महिना जातो. त्याआधी विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘सध्या काही नाही’ म्हणतो, आणि ते उत्तर आपल्या नावाला चिकटून राहतं.

त्याचं उत्तर लगेच आलं: ‘पेढे नक्की. चार्जर ठेव, आता सगळं टाइप-सी आहे.’ महिनाभराने त्यानेच चहाला बोलावलं. मी चितळ्यांकडून त्याच्यासाठीच बाकरवडी घेऊन गेलो, कारण चार्जरची भरपाई करायलाच हवी होती.

चहावर मी नोकरी मागितली नाही. मी विचारलं, “तू वर गेलास, मग तुझ्या जुन्या जागेवर कोण?” हा प्रश्न मी बरेच दिवस घोळवला होता. बढती झाली की मागे एक खुर्ची रिकामी होते. त्याला बॅकफिल म्हणतात. नवी जागा तयार करायची तर बहुतेक ठिकाणी मॅनेजर, एचआर आणि फायनान्स अशा तिघांची मंजुरी लागते. बॅकफिलचे पैसे निदान बजेटमध्ये बहुधा आधीच धरलेले असतात. ती खुर्ची त्याची डेटाबेसची होती, माझ्या कामाची नव्हे. पण ती भरताना टीमची फेरमांडणी होते, आणि फेरमांडणीत टेस्टरला जागा निघू शकते.

तो बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, “तू विचारायला आलायस ना?”

“हो.”

“मग आधीच म्हणायचंस. मला वाटलं खरंच बाकरवडी आणलीस.”

पण तो मोकळा बोलला. एक ऑटोमेशन टेस्टरची जागा येत होती, पण आधी ती आतल्या लोकांसाठी निघणार. आयजेपी म्हणतात तिला. आतून कोणी मिळालं नाही तरच बाहेर. आणि त्याने बजावलं, “तोवर नोकरी डॉट कॉमवरून किंवा कुठल्या कन्सल्टन्सीतून आमच्याकडे अर्ज करू नकोस. तुझं नाव सिस्टिममध्ये आधी त्यांच्यामार्फत पडलं, तर मी रेफर करून उपयोग नाही. ड्युप्लिकेट म्हणून उडतं.” बऱ्याच कंपन्यांत असंच आहे. जो आधी बायोडेटा टाकेल, उमेदवार काही महिने त्याच्या नावावर. आणि रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, बहुधा नवा माणूस काही महिने टिकल्यावर. त्यामुळे हे सगळं निव्वळ माझ्यावरचे उपकार आहेत असं मी मानलं नाही, आणि मनावरचं ओझं जरा हलकं झालं.

“जागा बाहेर आली की जॉब आयडी पाठवतो,” तो म्हणाला. “तू मला तीन ओळी दे. किती वर्षं, कोणती टूल्स, नोटीस किती. पाच पानी बायोडेटा मी कोणाला फॉरवर्ड करत नाही, कोणी वाचतही नाही.”

“नोटीस नव्वद दिवस.”

“मग तर तीन ओळींतली एक गेलीच.”

मी घरी येऊन तीन ओळी लिहिल्या. त्या लिहायला अभिनंदनापेक्षा जास्त वेळ लागला. ‘टीम प्लेअर’ काढल्यावर बरंच काही शिल्लक राहत नव्हतं. शेवटी कोणत्या प्रकारच्या अ‍ॅपचं टेस्टिंग केलं, हाताने किती आणि स्क्रिप्टने किती, एवढंच ठेवलं. पाठवल्या. ‘बघतो’ आलं.

मग बराच काळ शांतता. आयजेपी आली, आतून कोणीतरी अर्ज केला, मग त्याने मागे घेतला, मग फायनान्सने तिमाही संपेपर्यंत सगळी भरती थांबवली. हे मला त्याच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळत होतं, कारण मी ‘माझं काय झालं’ विचारत नव्हतो. ‘बॅकफिल आला का’ विचारत होतो, आणि त्या विषयावर तो तासभर बोलू शकत होता. त्याची जुनी खुर्ची भरलीच नव्हती. डेटाबेसही तोच बघायचा, मॅनेजरकीही तोच. रात्री रोलबॅक, सकाळी वन-ऑन-वन.

दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला. मला वाटलं, जॉब आयडी. पेन घेऊन बसलो.

“ऐक ना,” तो म्हणाला, “तुझा प्रोजेक्ट अजून एक वर्ष वाढला म्हणे? अभिनंदन!”

“थँक्यू. कोणी सांगितलं?”

“कळलं कुठूनतरी. तुमच्याकडची मंडळी चांगली आहेत हां. क्लायंटही जुना. मला तुझं नेहमी कौतुक वाटतं.”

मी गप्प राहिलो. नजर घसरायला फोनवर काही नसतं, पण कान घसरतात.

“बाय द वे,” तो म्हणाला, “माझं पदनाम वाढलं, पगार तिथेच आहे. तुमच्याकडे डेटाबेसमध्ये काही आहे का? मॅनेजर नसलं तरी चालेल.”

मी म्हटलं, “तीन ओळी पाठव.”