कडेला आलेला लाइट स्टँड आणि दहा टक्क्यांचा झूम

"वाइडमध्ये कडेला लाइट स्टँड आला तर डोकं लावू नका. फोर-के आहे ना, दहा टक्के झूम मारा, विषय संपला. कुणाला कळत नाही. पॅच करायला गेलात तर अख्खी रात्र जाते आणि मोठ्या पडद्यावर तो पकडला जातोच."

एडिटिंगच्या टेबलावर मिळणारा हा सल्ला. पॅच म्हणजे नको असलेल्या वस्तूवर चित्राचाच दुसरा तुकडा बसवून ती झाकणं. दहा हा आकडा कुणी काढला, देव जाणे. फ्रेम ३८४० पिक्सेल रुंद आहे आणि स्टँड डाव्या कडेपासून १४० पिक्सेल आत आलाय, असं धरू. मध्यावरून १० टक्के झूम केला की दोन्ही बाजूंनी सुमारे १७५ पिक्सेल जातात, वरखाली प्रत्येकी ९८. म्हणजे उजव्या बाजूचा काही गुन्हा नसताना तिलाही कात्री. तेच चित्र १०४ टक्क्यांवर नेऊन उजवी कड जिथल्या तिथे ठेवली, तर डावीकडून १४८ पिक्सेल कापले जातात आणि स्टँड बाहेर. उंचीतून जाणारे ८३ पिक्सेल वरून घ्यायचे की खालून, तेही आपल्या हातात. त्यामुळे आधी स्टँड सगळ्यात जास्त आत येतो ती फ्रेम शोधायची, तिथे मोजायचं आणि मगच स्केलला हात लावायचा.

फोर-केमध्ये शूट करून फुल एचडीत देणार असाल, तर दहा टक्क्यांनी तीक्ष्णता जात नाही, हे कबूल. पण वाइड शॉटमध्ये तीक्ष्णतेच्या आधी रचना बिघडते.

कसबा पेठेतल्या एका वाड्याचा चौक घ्या. मधोमध तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना लाकडी खांब, मागे चुन्याची भिंत, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट. दिग्दर्शकाने शॉट मुद्दाम समोरासमोर लावलाय. दोन्ही खांब आपापल्या कडेपासून १९० पिक्सेलवर. डाव्या खांबाच्याही पलीकडे, अगदी कडेला, स्टँडची काळी दांडी आणि खाली फरशीवर पसरलेला एक पाय. आता फक्त डावीकडून कापलं तर डावा खांब कडेला जाऊन चिकटतो, उजव्याला ऐसपैस जागा राहते आणि वृंदावन मध्यावरून सरकतं. समतोल राखायचा म्हणून १०८ टक्क्यांवर दोन्हीकडून सारखं कापलं, तर दोन्ही खांब कडेला टेकतात आणि चौक कोंदट दिसायला लागतो. प्रेक्षक "झूम केलाय" असं म्हणणार नाही, पण वाडा लहान झालेला त्याला जाणवतो. शिवाय याच प्रसंगातला मिड शॉट पुढे येणार असेल तर आणखी पंचाईत. वाइड जितका टाइट कराल तितका त्या दोन मापांतला फरक कमी होतो आणि कट अडखळतो.

अशा शॉटला पॅचच हवा. आणि त्याला रात्र लागत नाही, कारण कॅमेरा हललेला नाही आणि स्टँडजवळून कुणी जात नाही. या दोन्ही गोष्टी जमून आल्या असतील तर ट्रॅकिंग नको, फ्रेमगणिक मास्क नको.

दांडी २५ पिक्सेल जाड आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीच भिंत दिसते. टाइमलाइनवर त्याच क्लिपची कॉपी वरच्या ट्रॅकवर ठेवायची, ती ४० पिक्सेल डावीकडे सरकवायची, आणि दांडीपुरता अरुंद मास्क काढून कडांना थोडा फेदर द्यायचा. शेजारची भिंत दांडीवर येऊन बसते. उजेड डावीकडून येतोय, त्यामुळे उजवीकडून उचललेला तुकडा किंचित काळपट असतो. त्या कॉपीचं एक्स्पोजर केसभर वाढवलं की जोड मिटतो. दांडीची सावली भिंतीवर पडली असेल तर तीही याच मास्कमध्ये घ्या. नाहीतर वस्तू गायब आणि सावली हजर, असला भुताटकीचा प्रकार होतो.

फरशीवरच्या पायाला मात्र ही युक्ती चालत नाही. फरश्यांचे सांधे तिरके आत जातात, कॉपी सरकवली की ते तुटतात. तिथे खरी रिकामी फरशीच लागते, आणि ती बहुतेक वेळा टेकच्या शेपटात सापडते. "कट" म्हटल्यावरही कॅमेरा दोन-चार सेकंद चालू राहतो, आणि लाइटवाल्या पोरांना स्टँड उचलायची कोण घाई! त्या फ्रेम्स एडिटरने फेकायच्या नसतात. अर्थात स्टँडबरोबर त्याचा उजेडही गेलेला असतो, म्हणून तो तुकडा बाकीच्या फरशीशी उजेडाने आणि रंगाने जुळवावा लागतो. यात वेळ जातो तो एवढ्यालाच.

आता पकडला जाण्याचं. पकडले जातात ते बहुतेक फ्रीझ केलेल्या फ्रेमचे पॅच. एकच स्थिर फ्रेम दांडीवर चिकटवली की भोवतालची भिंत ग्रेनने, म्हणजे चित्रातल्या बारीक दाण्यांनी, हलत असते आणि तेवढा पट्टा मेल्यासारखा निश्चल राहतो. शॉट थांबवून बघितला तर सगळं चोख, चालवला की उघडं. वर सांगितलेल्या पद्धतीत वरची क्लिपही चालतीच असते, म्हणून ग्रेन जिवंत राहतो. ढगामुळे उजेड कमीजास्त झाला तर पॅचही बरोबर कमीजास्त होतो. शेपटातला फरशीचा तुकडासुद्धा चालताच ठेवायचा. तो छोटा पडला तर सुलटा-उलटा जोडून वाढवायचा, फ्रीझ करायचा नाही. तपासायची सोपी रीत अशी: व्ह्यूअरमध्ये तात्पुरता गॅमा बराच वर ढकला, शॉट चालू ठेवा आणि फक्त ती कड बघा. अंधारात लपलेला जोड असा बाहेर येतो. मग गॅमा तितकाच खाली आणून पुन्हा एकदा.

पॅच हरतो तो हलता माणूस आणि हलता कॅमेरा यांच्यापुढे. याच चौकात प्रसंगातल्या आजी डावीकडच्या दाराने बाहेर गेल्या असत्या आणि दांडीच्या मागून गेल्या असत्या, तर त्यांच्या लुगड्याचा तेवढा पट्टा कॅमेऱ्याला कधी दिसलेलाच नाही. तो भरायचा म्हणजे फ्रेमगणिक रंगकाम. त्यापेक्षा आजी दांडीला पोचायच्या आत मिडवर कट घ्यावा. तो कट परवडत नसेल तरच खांबांचा समतोल सोडून टाइट करावं.

तुळशीबागेतल्या गर्दीत हातात कॅमेरा घेऊन काढलेला वाइड असेल, तर मी पॅचचा विचारही करत नाही. कॅमेरा डुलतोय, दांडीपुढून दर क्षणाला कुणीतरी जातंय, आणि रचनेत समतोल असा मुळातच नाही. तिथे चार टक्के कापले तर काही बिघडत नाही, खुशाल कापा. स्टँड फक्त पॅनच्या शेवटी डोकावत असेल तर स्केलला कीफ्रेम देऊन १०० वरून १०४ पर्यंत शॉटभर सावकाश न्या. हलत्या कॅमेऱ्यात ते मुरून जातं. ट्रायपॉडवरच्या स्थिर शॉटला मात्र हे करू नका, तिथे तो सरकता झूमच सगळ्यात आधी दिसतो. आणि पॅनच्या त्या शेवटच्या सेकंदात कुणी काही बोलत नसेल, तर कट सेकंदभर आधी घ्या, स्टँड येतच नाही.