रमजान, रियाध आणि मार्च एंड

आमच्या चाकणच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात मार्च महिना म्हणजे साहेबांचा वसुलीचा मोसम. 2025 साली सौदीत रमजान लागला तोही नेमका 1 मार्चला. म्हणजे सबंध महिनाभर रियाधच्या पार्टीचा रोजा आणि साहेबांचा तगादा हातात हात घालून चालले. एक्स्पोर्टची पत्रं मी लिहितो, त्यामुळे दोघांच्या मध्ये मी.

साहेबांनी फेब्रुवारीतच विचारलं, "नक्की कधी सुरू होतंय ते सांग, म्हणजे शुभेच्छा शेड्यूल करून ठेवू." आपल्याकडे संकष्टीचा चंद्रोदय कालनिर्णयात मिनिटासकट छापलेला असतो, त्यामुळे साहेबांना चंद्राबद्दल फार विश्वास. तिकडे चंद्रकोर दिसल्याची घोषणा आदल्या संध्याकाळी होते, आणि तिच्यावर महिना ठरतो. त्यात आमच्या शॉपफ्लोअरचे सलीमभाई रोजा धरणार 2 तारखेपासून, कारण इथे चंद्र दिसणार एक दिवस उशिरा. साहेब म्हणाले, "मग सलीमभाईंना विचारूनच पाठव." सलीमभाईंनी हात जोडले. "साहेब, माझा चांद बघून रियाधला मुबारकबाद पाठवाल तर ती शिळी होऊन पोचेल."

शुभेच्छांचं पत्र वेगळं आणि पैशाचं वेगळं, एवढी एक गोष्ट मी लढून मिळवली. पहिल्या दिवशी सकाळी रियाधच्या पार्टीच्या अबू फहद यांना दोन ओळी पाठवल्या: रमजान मुबारक, आपणा सर्वांना आणि कुटुंबीयांना. खाली इन्व्हॉइस नंबर नाही, अटॅचमेंट नाही, 'जेंटल रिमाइंडर' नाही. साहेबांना ती दोन ओळींची मेल म्हणजे रिकामा ट्रक पाठवल्यासारखी वाटली. पण उत्तर तासाभरात आलं, आणि त्यात अबू फहद यांनी साहेबांच्या आईच्या गुडघ्याचीही चौकशी केली होती.

खरी गंमत वेळेची. सौदीच्या कायद्याने रमजानात मुस्लिम कर्मचाऱ्यांचा दिवस सहा तासांचा. त्या ऑफिसची वेळ दहा ते चार, म्हणजे आपल्याकडे साडेबारा ते साडेसहा. साहेबांची 'अर्जंट' मेल सकाळी साडेनऊला सुटायची, तेव्हा रियाधमध्ये सात वाजलेले असतात आणि पहाटेचं सहरीचं खाणं, फजरची नमाज आटपून माणूस नुकता आडवा झालेला असतो. चारच्या सुमाराला त्याला घरी जायची घाई, कारण सहाच्या आसपास इफ्तार. डोकं शाबूत असण्याची वेळ म्हणजे त्यांची साडेदहा ते बारा. आपली एक ते अडीच. अर्थात माझ्या डब्याची. शुक्रवार-शनिवार तिकडे सुट्टी, रविवारी इकडे. आठवड्याला उरले चार दिवस, आणि चारही दिवस मी भेंडी थंड खाल्ली. साहेब एकदा व्हिडिओ कॉलवर वडापाव घेऊन बसले. मी कॅमेरा त्यांच्या कपाळावर नेऊन ठेवला.

दुसरी वेळ रात्रीची. सौदीत रमजानात रात्रीची इशाची नमाज सूर्यास्ताच्या मगरिबनंतर दोन तासांनी होते, मग तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज. ती उरकून, कॉफी-खजूर होऊन अबू फहद ताजेतवाने व्हायचे तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली असायची. "माय ब्रदर, झोपलास का?" असा व्हॉट्सअॅप यायचा. रोजा त्यांचा, जागरण माझं.

पैसे सोडणारा माणूस मात्र अबू फहद नव्हे, त्यांचा इजिप्शियन अकाउंटंट गिर्गिस. साहेबांनी त्यालाही रमजानच्या शुभेच्छा लिहायला सांगितल्या. पण गिर्गिस कॉप्टिक ख्रिश्चन. त्याचा स्वतःचा उपवास 24 फेब्रुवारीपासून चालू होता, मांस-अंडी-दूध वर्ज्य, थेट 20 एप्रिलच्या ईस्टरपर्यंत. त्याला मी 'कुल सना व अंता तय्यिब' लिहिलं. इजिप्तमध्ये हे कुठल्याही सणाला चालतं, वाढदिवसालासुद्धा. त्यानेच मग कानात सांगितलं: जे काय हवंय ते 20 तारखेच्या आत मागा. नंतर शेवटच्या दहा रात्री लागतात, साहेब लोक रात्रभर इबादतीत असतात, कुणी उमऱ्याला मक्केला जातं, आणि सही करणारा हात सापडत नाही. त्या वर्षी रमजानची तारीख आणि मार्चची तारीख तिथे एकच चालत होती, त्यामुळे साहेबांनाही हिशेब चटकन कळला.

गुरुवार, 20 मार्च. दुपारी एक वाजता मी मेल टाकली: सलाम, ख्यालीखुशाली, मग एकच इन्व्हॉइस, एकच रक्कम, बँकेचा तपशील खालीच. शोधाशोध करायला लावायची नाही. रात्री एकच्या सुमारास पैसे पाठवल्याची स्विफ्टची प्रत आली. साहेबांना तेव्हाच कळवलं, कारण जागरण वाटून घ्यावं.

पैसे पुढच्या आठवड्यात जमा झाले. रविवारी, 30 तारखेला, सकाळी साहेबांचा फोन.

"अरे, मधल्या बँकेने पस्तीस डॉलर कापलेत. आत्ताच लिही त्यांना."

"साहेब, तिकडे आज ईद आहे."

"मग आधी ईद मुबारक लिही ना! आणि खाली पस्तीस डॉलर."